बाथरूमचं काम "बारा दिवसांत" म्हणून सुरू होतं आणि महिना उलटतो: रिकामे दिवस कुठून येतात ते कसं शोधायचं

मी छोटी घरकामं घेतो, डोंबिवली-ठाणे पट्ट्यात, जास्त करून जुन्या फ्लॅटचं एखादं बाथरूम, किचनचा ओटा, एका खोलीची लादी, असंच. निम्म्या वेळा मला बोलावतात ते काम सुरू करायला नाही, अडकलेलं काम सोडवायला. आणि दरवेळी बिघाड तोच असतो. काम अवघड नसतं, कारागीरही वाईट नसतो, फक्त कामांचा क्रम लावताना कोणाला कोणावाचून अडतं ते कोणी बघितलेलं नसतं. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. उदाहरण बाथरूमचं घेतलंय, कारण सात बाय साडेचार फुटांच्या त्या खोलीत पाच-सहा वेगवेगळी माणसं एकामागून एक येतात आणि रिकामे दिवस सगळ्यात जास्त तिथेच पडतात.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय होतंय ते आधी बघा.

कारागीर सकाळी येतो, इकडे तिकडे बघतो, एक फोन करतो आणि "सामान आलं की सांगा" म्हणून निघून जातो. हे सगळ्यात कॉमन.

प्लंबर म्हणतो गवंड्याचं होऊ दे, गवंडी म्हणतो प्लंबर येऊन जाऊ दे, आणि तुम्ही मधे उभे.

एका माणसाचा एक दिवस चुकला की तो परत यायला चार-पाच दिवस घेतो.

झालेलं काम परत फोडावं लागतं, कारण कोणीतरी म्हणतं "हा पॉइंट आधी सांगायला हवा होता".

सगळं झालं, बाथरूम चकचकीत आहे, पण वापरता येत नाही कारण दार नाही किंवा काच यायचीय.

आणि एक उलटं लक्षण, ते लोकांना लक्षण वाटतच नाही: रिकामा दिवस एकही नाही, रोज काम चालू, दहा दिवसांत बाथरूम तयार. आणि मग पावसाळ्याच्या आत खालच्या मजल्यावरचे वहिनी-काका वर येतात, आमच्या छताला ओल आलीय म्हणून. म्हणजे सुकायचे जे दिवस खरंच रिकामे ठेवायला हवे होते ते कोणीतरी खाऊन टाकले.

हे शेवटचं आधी समजून घ्या, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभंय. थांबण्याचे दिवस दोन प्रकारचे असतात. एक, सिमेंट आणि कोटिंग सुकायचे, हे कापता येत नाहीत, फक्त ते रविवारी किंवा दुसऱ्या कामावर बसवता येतात. दुसरे, सामान नाही, निर्णय नाही, माणूस नाही म्हणून जाणारे. हे पूर्ण शून्यावर आणता येतात. लोक घाई करतात पहिल्यात आणि सोडून देतात दुसरे.

पहिली तपासणी: एक कागद, आणि तो शेवटून लिहायचा

खर्च शून्य, वेळ अर्धा तास. सगळे जण यादी सुरुवातीपासून लिहितात: तोडफोड, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, लादी, फिटिंग. ही यादी बरोबरच असते हो, पण तिचा उपयोग नाही, कारण ती फक्त क्रम सांगते, अडकाठी सांगत नाही.

त्याऐवजी शेवटच्या कामापासून मागे या आणि प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहा: याच्या आधी काय झालेलं हवं, कुठलं सामान हातात हवं, आणि झाल्यावर किती सुकायला हवं. उदाहरणार्थ शेवटचं काम काचेचं पार्टिशन. त्याच्या आधी काय हवं? लादी पूर्ण, कारण माप लादीवरून घेतात, आणि टफन काच एकदा भट्टीतून आली की तिला कापता येत नाही, पाव इंच चुकली की नवीनच करावी लागते. म्हणजे काचेची ऑर्डर लादीच्या आधी देता येणार नाही. पण लादी झाली त्याच दिवशी देता येते! बहुतेक लोक ती नळ बसले, लाइट लागला, साफसफाई झाली की मग देतात आणि मग आठ-दहा दिवस बसतात. कागदावर मागून आलात तर हे आपोआप दिसतं, पुढून गेलात तर कधीच दिसत नाही.

आता तसंच मागे या. नळ बसवायला डायव्हर्टरची, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे ते फिरवणाऱ्या खटक्याची, बॉडी भिंतीत हवी. बॉडी भिंतीत बसवायला ती आधी विकत घेतलेली हवी. म्हणजे शॉवरचं मॉडेल, जे लोकांना वाटतं शेवटी निवांत दुकानात जाऊन घेऊ, ते तोडफोडीच्याही आधी ठरलेलं हवं. सगळ्यात जास्त दिवस मी इथे जाताना बघितलेत.

दुसरी तपासणी: सामान "ठरलंय" की "घरात आहे"

यालाही खर्च नाही, चार फोन लागतात. "ठरलंय" म्हणजे काहीच नाही. प्लंबरला फोटो चालत नाही, त्याला वस्तू हातात लागते, कारण त्याची मापं वस्तूवर असतात.

तोडफोड सुरू होण्याआधी घरात काय पाहिजे ते सांगतो. डायव्हर्टरची बॉडी. कमोड, निदान त्याचं मॉडेल पक्कं आणि त्याच्या मापाचा कागद. वॉश बेसिन. गीझर नवीन घेणार असाल तर तो. नहाणी ट्रॅप आणि जाळी. आणि लाद्या, सगळ्याच्या सगळ्या.

कमोडचं का ते सांगतो. जमिनीवर बसणाऱ्या कमोडचं आउटलेट एक तर खाली जमिनीत जातं, त्याला एस ट्रॅप म्हणतात, नाही तर मागे भिंतीत जातं, तो पी ट्रॅप. एस ट्रॅपमधे पाइपचा मध्य भिंतीपासून किती लांब पाहिजे हे मॉडेलप्रमाणे बदलतं, बाजारात चार इंच, नऊ इंच, बारा इंच असे प्रकार मिळतात. आणि हे माप कोऱ्या भिंतीपासून नाही, लादी लागल्यावरच्या भिंतीपासून. जुनी लाइन नऊवर आणि तुम्हाला आवडलेलं मॉडेल चारचं, तर एक तर लाइन हलवा नाही तर कमोडच्या मागे पाच इंचांची फट ठेवून जगा. हे तोडफोडीच्या आधी कळलं तर फक्त दुसरं मॉडेल निवडायचं. लादी झाल्यावर कळलं तर... असो.

लाद्यांचं वेगळं. प्रत्येक बॉक्सवर बॅच आणि शेड नंबर छापलेला असतो. तोच डिझाइन नंबर, तीच कंपनी, पण बॅच वेगळी असेल तर रंगात बारीक फरक येतो, दुकानातल्या ट्यूबलाइटमधे दिसत नाही आणि तुमच्या भिंतीवर रोज दिसतो. म्हणून लागणाऱ्या मापापेक्षा साधारण दहा टक्के जास्त एकदमच घ्या, आणि बॉक्स घरात येताना दारातच नंबर जुळवा, टेम्पोवाला उभा असतानाच. शेवटच्या चार लाद्यांसाठी काम थांबणं यासारखा वैतागवाणा रिकामा दिवस नाही.

कोणी म्हणेल एवढं सामान ठेवू कुठे. बेडरूममधे पलंगाखाली ठेवा हो, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे.

तिसरी तपासणी: गवंडी आणि प्लंबरला एकदा समोरासमोर उभं करा

खर्च म्हणजे दोन चहा. पण ही तपासणी मी कधीच सोडत नाही, आणि का ते डायव्हर्टरवरूनच दाखवतो.

डायव्हर्टरची बॉडी भिंतीच्या आत जाते आणि तिच्या तोंडावर प्लास्टिकची टोपी असते. टोपीवर दोन खुणा असतात, एक कमीत कमी आणि एक जास्तीत जास्त. लादीचा पृष्ठभाग या दोन खुणांच्या मधे यायला हवा. बॉडी जास्त आत गेली तर वरची प्लेट आणि दांडा पुरत नाही, बाहेर राहिली तर प्लेट लादीला टेकत नाही, मागे फट राहते आणि त्यातून पाणी भिंतीत जातं.

आता लादीचा पृष्ठभाग कुठे येणार हे ठरवणार कोण? गवंडी. तो लादी केमिकलवर, म्हणजे लादीच्या तयार गोंदावर लावणार असेल तर लादीमागे पाच-सहा मिलीमीटर धरा. सिमेंट-रेतीच्या मालावर लावणार असेल तर सहज पंधरा-वीस. वर लादीची स्वतःची जाडी आठ-दहा. शिवाय भिंत ओळंब्यात नसेल, आणि जुन्या इमारतीत ती नसतेच, तर एका टोकाला अजून अर्धा इंच भर पडते. म्हणजे प्लंबर तिसऱ्या दिवशी जी खोली ठरवतो, ती पंधराव्या दिवशी येणाऱ्या गवंड्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. आणि हे दोघं एकमेकांना कधीच भेटत नाहीत, एक गेल्यावर दुसरा येतो!

म्हणून तोडफोड झाल्याच्या संध्याकाळी दोघांना बोलवा. गवंड्याला म्हणा, दादा, ओळंबा लाव आणि लादी कुठे येणार तिथे बटण्या मार. बटणी म्हणजे मालाचा छोटा ठिपका आणि त्यावर लादीचा तुकडा, त्याचा चेहरा म्हणजे तयार भिंतीचा चेहरा. दोन-तीन ठिकाणी मारल्या की प्लंबर त्यावर पट्टी धरून बॉडी बसवतो, नळांचे एल्बो बसवतो, कमोडचं माप घेतो. इलेक्ट्रिशियनही त्याच बटणीवरून बॉक्सची खोली घेतो. पंधरा मिनिटांचं काम आहे. ते न केल्यामुळे लागलेली लादी फोडून बॉडी पुढे घेतानाचा आवाज मी इतक्या वेळा ऐकलाय की आता पोटात गोळा येतो.

त्याच भेटीत प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "तुम्ही याल तेव्हा आधीच्या माणसाने काय केलेलं पाहिजे?" सगळं झालं का, जमेल का, असले प्रश्न नकोत, त्याला ते हो म्हणतात आणि मोकळे होतात.

चौथी तपासणी: सुकायचे दिवस कॅलेंडरवर कुठे पडतात

इथे थोडा खर्च येऊ शकतो, म्हणजे काम चार दिवस उशिरा सुरू करण्याचा. पण पैसे वाचवणारा उशीर आहे तो.

सोसायटीत रविवारी ठोकाठोकी चालत नाही, बऱ्याच ठिकाणी दुपारी दोन ते चारही बंद. हे नियम तुमच्या विरुद्ध आहेत असं वाटतं, पण सुकायचे दिवस रविवारवर बसवले तर ते तुमच्याच बाजूचे होतात. म्हणून मी काम नेहमी सोमवारी सुरू करतो. आणि गणपती, दिवाळी, होळी, कारागीर गावी जाण्याचे दिवस त्याला आधी विचारून घ्या, तो लपवत नाही, आपण विचारत नाही.

मी सध्या वापरतो तो हिशोब असा. एक बाथरूम, सात बाय साडेचार, घरात दुसरं बाथरूम आहे असं धरून. (एकच असेल तर कमोडचे दिवस शेजारी बोलून ठेवा, त्याला दुसरा इलाज नाही.)

सोमवार-मंगळवार तोडफोड, आणि डेब्रिजच्या गोण्या त्याच दिवशी खाली. गोण्या पडून राहिल्या तर बुधवारी प्लंबरला उभं राहायला जागा नसते, हाही एक दिवस जातो बरं का. मंगळवारी संध्याकाळी ती चहाची भेट आणि बटण्या. बुधवार-गुरुवार प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन एकत्र, झिरी, म्हणजे पाइप-वायरसाठी भिंतीतल्या खाचा, एकाच मशीनने एकदाच कापायच्या, धूळ एकदाच. सीपीव्हीसी पाइपचे जोड गुरुवारी रात्रभर सुकू द्या आणि शुक्रवारी सकाळी हातपंप लावून प्रेशर टेस्ट. काटा तासभर जागचा हलला नाही तरच गवंड्याने झिरी बुजवायच्या. ही टेस्ट झिरी उघड्या असतानाच करायची, कारण आत्ता गळका जोड सापडला तर वीस रुपयांची फिटिंग बदलायची, नंतर सापडला तर भिंत. प्लंबरचा मोठा हप्ता मी या टेस्टनंतरच देतो.

शुक्रवारी बुजवणं, प्लास्टरचे पॅच आणि फरशीचा ढाळ नहाणीकडे. शनिवार-रविवार फक्त पाणी मारायचं, ते घरचं कोणीही मारू शकतं. पुढच्या सोमवारी वॉटरप्रूफ कोटिंगचा पहिला हात, मंगळवारी दुसरा, पहिल्याला आडवा. फरशी पूर्ण, भिंतीवर एक फूट वर, आणि शॉवरच्या कोपऱ्यात डोक्याच्या वरपर्यंत. बुधवार-गुरुवार आत पायही नाही ठेवायचा. किती तास सुकवायचं ते गोणीवर छापलेलं असतं, दुकानदाराचं नाही, गोणीचं ऐका. शुक्रवारी सकाळी नहाणीचं तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलची रेघ मारायची आणि रविवारी सकाळपर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस तास, सोडून द्यायचं. मधे एकदा खालच्यांकडे जाऊन त्यांचं छत बघून यायचं, त्यांनाही बरं वाटतं.

तिसऱ्या सोमवारी भिंतीची लादी सुरू, बुधवारपर्यंत. खालची एक ओळ सोडून. का, तर फरशी नंतर लागते आणि खालच्या ओळीची लादी फरशीवर येऊन टेकली की सांधा झाकला जातो, आणि ढाळामुळे होणारा वाकडेपणा त्या एका ओळीत कापून जुळवता येतो. गुरुवारी फरशी. शुक्रवारी दुपारनंतर फळी टाकून खालची ओळ. शनिवारी लादीच्या सांध्यांत ग्राउट, आणि शनिवारीच काचवाल्याला मापाला बोलावलेलं असतं. रविवार सुट्टी. सोमवारी फॉल्स सीलिंग, मंगळवार-बुधवार कमोड, बेसिन, नळ, गीझर, लाइट, सिलिकॉन. गुरुवारी अंघोळ. काच तिच्या तिच्या वेळेने त्यानंतर येते, तोपर्यंत शंभर रुपयांचा पडदा लावा.

मोजा. चोवीस दिवस. त्यात कारागीर प्रत्यक्ष आले सोळा दिवस. आठ दिवस कोणी नाही, पण त्यातले तीन रविवार आणि पाच सुकायचे नाही तर पाणी भरून ठेवायचे. या पाच दिवसांत घरातली दुसरी कामं बसवायची: बेडरूमची भिंत खरवडून पुट्टी, किचनचं सिंक बदलणं, दाराला पॉलिश. रंगाचा शेवटचा हात मात्र लादी कापायचं मशीन घरातून गेल्यावरच, नाही तर ती सगळी पांढरी भुकटी ओल्या रंगावर बसते.

म्हणजे "बारा दिवसांत करून देतो" म्हणणाऱ्याला विचारा की कोटिंग किती दिवस सुकवणार आणि पाणी किती तास भरून ठेवणार. उत्तर ऐकून ठरवा.

पाचवी तपासणी: काम आधीच अडकलंय, आता काय

ही महाग आहे. गेल्या वर्षीचं एक सांगतो. एका काकांचं अगदी याच मापाचं बाथरूम, एकेचाळीस दिवस लागले, म्हणजे चोवीसवर सतरा जास्तीचे. त्यांना वाटत होतं गवंडी आळशी आहे. मी त्यांच्याबरोबर बसून व्हॉट्सॲपवरचे मेसेज तारखेवार बघितले आणि दिवस वाटले. डायव्हर्टर आवडेना म्हणून चार दिवस. तेवढ्यात प्लंबर दुसऱ्या साइटवर गेला, तो यायला पाच दिवस. कमोडचं माप जुळेना, बदलून आणायला दोन. आणि शेवटी सहा लाद्या कमी पडल्या, ती बॅच संपलेली, गोडाऊनमधून शोधून आणायला सहा दिवस. चार, पाच, दोन, सहा, झाले सतरा. गवंड्याचा त्यात एक दिवस नाही!

यात नीट बघा, चारचे नऊ कसे झाले. रोजावर किंवा छोट्या कामावर जगणारा माणूस तुमच्यासाठी घरी बसत नाही, बसूही शकत नाही. त्याचा ठरलेला दिवस तुम्ही हुकवलात की तो दुसरं काम धरतो आणि ते संपल्यावरच येतो. म्हणून अडकलेल्या कामात पहिला फोन कारागिराला करायचा नाही. आधी फक्त त्याच्या कामाला लागणारं सामान आणा, ते सगळं बाथरूमच्या दारात मांडा, फोटो काढा, आणि मग फोटोसकट फोन करा. "दादा, सगळं आलंय, हे बघा, कधी येता?" याला तारीख मिळते. "सामान येतंय, तुम्ही या" याला मिळत नाही.

मग कागद काढा आणि आज जिथे अडलंय तिथून पुढचं अडकवणारं सामान आजच मागवा, त्याची पाळी यायची असली तरी. काकांच्या डायव्हर्टरच्या चार दिवसांत लाद्या मोजल्या असत्या तर पुढचे सहा गेलेच नसते.

अर्धवट झालेलं उलटं काम असेल, म्हणजे लादी लागली आणि पॉइंट राहिला, तर भरात येऊन फोडू नका. आधी बघा पॉइंट लादीच्या बाहेरून किंवा फॉल्स सीलिंगच्या वरून नेता येतो का. गीझरचा वायरिंग पॉइंट बहुतेक वेळा वरून उतरवता येतो. पाण्याचा पॉइंट नाही येत, तिथे फोडणंच आहे, पण मग एक-दोन लाद्या पूर्ण काढा आणि मागचं कोटिंग जिथे दुखावलं तिथे परत दोन हात द्या, परत सुकवा. या कोटिंगला "एवढ्याशाने काय होतं" म्हणून सोडलेलं मी बघितलंय, तीच जागा पुढे गळते.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

क्रम लावून, कागद लिहून सुटणारे प्रश्न वर झाले. पुढचे तसे नाहीत, इथे दिवस गेले तरी चालतील.

तोडफोडीत काँक्रीट फुगलेलं, सुटलेलं दिसलं आणि आत गंजलेली सळई दिसली तर काम तिथेच थांबवा. गवंडी म्हणेल माल मारून बुजवतो. नको. सोसायटीला कळवा आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा, कारण तो स्लॅब एकट्या तुमचा नाही. तसंच झिरी मारताना बीम किंवा कॉलम आडवा आला तर पाइपला वळसा द्या, बीम कापू नका, एक इंचही नाही. भिंत काढायची असेल तर ती भार घेणारी आहे का हे गवंड्याने ठोकून सांगायचं काम नाही, जुन्या विटांच्या इमारतीत तर अजिबातच नाही.

पाणी भरलेल्या टेस्टमधे पेन्सिलच्या रेघेपेक्षा पाणी खाली गेलं तर आधी नहाणीचं बूच नीट बसलंय का बघा, उन्हाळ्यात थोडं उडतंही. पण खालच्या छताला ओल दिसली तर बास. वर तिसरा हात मारून बघू असं करू नका. बाथरूमचा स्लॅब बाजूच्या स्लॅबपेक्षा खाली घेऊन वर भराव टाकलेला असेल तर पाणी त्या भरावात साठून दुसरीकडून निघतं आणि गळती दिसते तिथे नसते. वॉटरप्रूफिंगच करणाऱ्या माणसाला बोलवा, भराव काढायचा का ते त्याला ठरवू दे. डक्टमधली सामायिक उभी लाइन फुटलेली निघाली तर ते सोसायटीचं काम, तिला तुमच्या प्लंबरने परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

गीझरच्या पॉइंटला अर्थिंगच नाही, किंवा जुनी वायर हात लावला की तिचं आवरण गळून पडतंय, असं निघालं तर लायसन्स असलेल्या वायरमनला बोलवा आणि मेन बोर्डापासून तपासून घ्या. ओल्या खोलीत "आत्ता चालू करून देतो" नको. आणि किचनचं काम सोबत काढलं असेल तर पाइप गॅसची लाइन प्लंबरने सरकवायची नसते, गॅस कंपनीकडे रीतसर अर्ज करावा लागतो आणि त्यांची माणसं त्यांच्या तारखेला येतात. ती तारीख हातात आल्याशिवाय ओटा फोडायला घेऊ नका.